ब्रेकताईच्या गाडीचा भाव

त्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा, स्कूटर कुणाकडे शिकलीस, तर दहातल्या सात जणी ब्रेकताईचं नाव घेतील. उरलेल्या तिघी आपापल्या नवऱ्यांकडे शिकल्या आणि अजूनही वळण घेताना त्यांना मनातल्या मनात शिव्या घालतात.

ब्रेकताई स्वतः त्या तिघींतलीच झाली असती. चाळिशी जवळ आली तेव्हा तिने नवऱ्याला म्हटलं, मला गाडी शिकवा. तो हिशेबनीस. आकड्यांशी शांत, माणसांशी नाही. पहिल्याच दिवशी त्याने मागच्या सीटवरून इतकी आरडाओरड केली की रस्त्यावरचे लोक गाडी सोडून त्याच्याकडेच बघायला लागले. तिने तिथेच गाडी उभी केली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि घरापर्यंत चालत आली. मग मागच्या गोदामांजवळच्या मोकळ्या मैदानात एकटीच शिकली. पडत होती, उठत होती, कोपरं सोलून घेत होती. पण पंधरा दिवसांत ती ज्या बेकरीत गल्ल्यावर बसायची, तिथे गाडीवरून जाऊ लागली, आणि बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या बायका पावाऐवजी गाडीचीच चौकशी करायला लागल्या. बेकरी बंद पडली, चौकशी चालूच राहिली. शिकवणीचा धंदा असा आपोआप अंगाला चिकटला.

नाव पडलं ते ब्रेकमुळे. शिकणारी बाई घाबरली की ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर पिळते, हा जगाचा नियम आहे. म्हणून ताईने गॅरेजवाल्याकडून मागच्या सीटच्या बाजूला, हाताशी येईल असा एक जादा ब्रेक बसवून घेतला होता. मागच्या चाकाच्या ब्रेकलाच त्याची तार जोडलेली. पुढची बाई भिंतीच्या दिशेने निघाली की मागे बसलेली ताई शांतपणे तो ब्रेक दाबायची आणि म्हणायची, "भिंत कुठे जात नाही गं, तुला घाई काय?" दोन्ही पाय जमिनीला टेकवून, डुलणारी गाडी सावरून धरायची. शेकडो बायका त्या एका हातावर आणि दोन पायांवर तरल्या.

पण पाय थकले. यंदा डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला. शिकणारी बाई डावीकडे झुकली की ताईच्या गुडघ्यातून कळ निघायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एकदा ती आणि शिकणारी दोघीही आडव्या झाल्या. लागलं कुणालाच नाही, पण शिकणारीच ताईला उठवत होती, हे ताईच्या फार मनाला लागलं.

नवरा निवृत्त झाला होता आणि निवृत्तीचा त्याला इतका छंद जडला होता की दुसऱ्यांनाही तो निवृत्त करायला निघाला होता. आता पुरे झालं, घरी बस, असं त्याचं रोजचं पालुपद. ताईचं उत्तर ठरलेलं होतं. बाजारात बुटक्या सीटची, हलकी स्कूटर आली होती. मागे बसणाऱ्याचे पाय पुरते जमिनीला टेकतात, वजन जुनीच्या पाऊणपट. ती घेतली की गुडघ्याला काम निम्मं. साठवलेले पैसे होते, पंधरा हजार कमी पडत होते. नवऱ्याने हिशेब मांडून दिला आणि वर अट घातली. ती त्याच्याच शब्दांत सांगायला हवी.

"जुनी गाडी विकून पंधरा उभे राहिले तर घे नवी आणि शिकव म्हातारी होईपर्यंत. नाही राहिले, तर मैदान बंद. मी एक पै घालणार नाही आणि तू कुणाकडे हात पसरायचा नाहीस."

ताईने अट कबूल केली. पंधरा तर सहज येतील असं तिला वाटलं. आपल्या गाडीचा भाव आपल्याला नेहमी जास्तच वाटतो. आईला लेक काळी दिसत नाही, तसलाच प्रकार.

जुन्या गाड्या घेणाऱ्या आणि नव्या विकणाऱ्या डीलरचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. काचेआड नव्या गाड्या, मागच्या अंगणात जुन्या. डीलर गोड बोलणारा, पण नजर कसायाची. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, सीट उचलली, एंजिन चालू करून कान लावला. मग नोंदणीपुस्तक उघडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ती डॉक्टरी सहानुभूती आली, जी आली की रुग्णाने पाकीट चाचपावं.

नऊ हजार, तो म्हणाला.

ताईला आधी वाटलं, नव्या गाडीवर नऊ हजार सूट म्हणतोय. तो जुनीचा भाव होता. मग त्याने एकेक कारण सांगायला सुरुवात केली आणि ताईला कबूल करावं लागलं की माणूस खोटं बोलत नव्हता. गाडीचं कर्ज फिटून पाच वर्षं झाली, पण पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र तेव्हा मिळालं होतं, ते कपाटात राहिलं आणि शिळं झालं. आता ताजं पत्र आणून बोजा उतरवल्याशिवाय गाडी कुणाच्याच नावावर होणार नाही. विमा संपत आलेला. बॅटरी सकाळी रुसणारी. ब्रेकचे लायनर झिजलेले. बाजूचे पत्रे तर असे की जणू गाडीने आयुष्य काटेरी कुंपणात काढलं. आणि हा मागचा ब्रेक, पुस्तकात न लिहिलेला, तो असला की नोंदणी कार्यालयातला तपासनीस गाडी नावावर करायलाच नकार देईल.

"हे सगळं नीट करून आणा ताई," डीलर म्हणाला, "मग चौदा-पंधरा कुठे गेले नाहीत."

बस, या एका वाक्याने घात केला. खरं म्हणजे डीलर तसं सगळ्यांनाच म्हणायचा, हवा छान आहे म्हणावं तसं. पण ताईने ते करार समजून पदरात बांधलं.

पुढचे दिवस तिने जी धावपळ केली तिला तोड नाही. बँकेत गेली. तिथल्या मुलीने संगणकात बघून सांगितलं की हे कर्ज दिसतच नाही. ताई म्हणाली, फिटलंय म्हणूनच दिसत नाही, तेवढंच लिहून दे. ते लिहून द्यायला तीन सह्या लागल्या आणि तिन्ही सह्यांचे धनी एकाच वेळी जागेवर कधी नसायचे. पत्र घेऊन नोंदणी कार्यालयात गेली, शुल्क भरलं, बोजा उतरवला. विमा नवा केला. धूर तपासून त्याचा दाखला घेतला. गॅरेजवाल्याकडे गाडी टाकली. त्याला सगळे 'आत्ताच' म्हणायचे, कारण काहीही विचारलं तरी तो "आत्ताच होईल" म्हणायचा, आणि मग दोन दिवस काही व्हायचं नाही. यावेळी मात्र त्याने मन लावून काम केलं. बॅटरी बदलली, लायनर बदलले, तार बदलली, मागचा ब्रेक आणि मागे बसणारीची पाय ठेवायची जाळी काढली, भोकं बुजवली, बाजूचे आणि पुढचे पत्रे बदलून जुन्या रंगाला जुळवून रंगवले. जुने पत्रे त्याने आपल्या भिंतीवर टांगून ठेवले. त्याच्याकडे टाकून द्यायची वस्तू असा प्रकारच नव्हता.

खर्च सहा हजार झाला. ताईने तो साठवलेल्या पैशांतून केला, म्हणजे आता पंधराऐवजी एकवीस कमी पडत होते. नवऱ्याने ते लगेच लक्षात आणून दिलं. अशा वेळी तो फार तत्पर असायचा.

पण गाडी अशी झाली होती की ताई स्वतःच भाळली. रस्त्यातून जाताना दुकानांच्या काचांमध्ये तिचं प्रतिबिंब चोरून बघत होती. एक ओळखीची बाई समोरून आली आणि तिने ताईला ओळखलंच नाही, कारण ती नेहमी आधी गाडी ओळखायची, मग ताईला.

डीलरने पुन्हा फेरी मारली. पुन्हा वाकला, पुन्हा कान लावला, आणि या वेळी मान डोलावली. कागद बघून तर त्याने असे स्वच्छ कागद क्वचितच येतात म्हणून सांगितलं. मग भाव सांगितला. चौदा.

ताईने बोटांवर हिशेब केला. सहा हजार घालून भाव पाच हजारांनी वाढला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच, फक्त इथे कोंबडीही तिचीच आणि मसालाही तिचाच. आधी सहा हजार कमी पडत होते, आता सात. एवढी वणवण करून ती हजाराने मागे गेली होती. तिने विचारलं, मग एवढं करायला सांगितलंत कशाला?

डीलर काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि धंद्याचं सरळ गणित सांगितलं. त्याचा भाव ठरतो तो गाडी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या बनावटीची यावर. चकाकी ताईने आणली काय आणि त्याने आणली काय, त्याला सारखंच. उलट त्याच्या माणसाकडून हेच काम निम्म्यात झालं असतं. कागद केले ते मात्र कामाचं झालं, कारण बोज्याची गाडी तो जवळजवळ फुकटात मागतो. पण घेतल्यावर गाडी दोन-दोन महिने अंगणात उभी राहणार, तेवढे दिवस त्याचा पैसा अडकणार, विकल्यावर काही बिघडलं तर गिऱ्हाईक त्याच्याच छातीवर बसणार. हे सगळं त्याच्या भावातून वजा होतं.

"खरं सांगू का," तो आवाज खाली करून म्हणाला, जणू आपल्याच दुकानाची चुगली करत होता, "जो स्वतः चालवायला घेईल, तो हिला अठरा देईल. त्याला चकाकी आवडते आणि तयार कागद आवडतात. मी चौदा देतो, पण आज देतो आणि डोक्याला ताप नाही. आठवडाभर शोधा. नाही मिळालं तर माझे चौदा आहेतच."

अठरा म्हटलं तरी तीन कमीच होते. पण सात कमी असण्यापेक्षा तीन बरे, असं म्हणून ताईने 'आत्ताच'च्या गॅरेजच्या दारावर पाटी लावली: स्कूटर विकणे आहे, कागद पूर्ण.

पहिला आला तो एक तरुण, स्वतःला फार हुशार समजणारा. त्याने गाडीच्या खाली टॉर्च मारून भोक बुजवल्याची खूण शोधली आणि एखादा खून उघडकीला आणावा तशा आवाजात विचारलं की इथे काय होतं. ताईने सगळं खरं सांगितलं. म्हणजे शिकवणीची गाडी, तो म्हणाला, आणि बारा सांगून निघून गेला. दुसरा आला तो सतरा द्यायला तयार होता. आठ आता, नऊ दोन महिन्यांनी, आणि गाडी नावावर करायचं 'बघू सावकाश'. ताईला पैशांचं कमी आणि त्या 'सावकाश'चं जास्त खटकलं. जोवर गाडी तिच्या नावावर आहे तोवर त्याला झालेला दंड तिच्या दारात, त्याने ठोकलेला माणूस तिच्या माथी. तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आठवडा संपत आला. घरी नवरा फार गोड वागायला लागला होता, हे लक्षण वाईट. संध्याकाळी एकत्र फिरायला जाऊ, म्हणत होता. त्याने दोघांसाठी बागेतला एक बाकसुद्धा हेरून ठेवला होता. ताईला तो बाक डोळ्यांपुढे दिसला. बाकावर बसायला तिची ना नव्हती. पण तिथे बसून सकाळच्या त्या मैदानाची आठवण काढत राहायचं, तिथे दुसरं कुणीतरी बायकांवर ओरडत असेल असं मनात आणायचं, हे तिला सोसणार नव्हतं. त्या रात्री तिने जेवताना मीठ दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा घ्यायला विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणवाली आली.

बटणवाली म्हणजे बाजारातल्या बटणं-लेस-दोऱ्यांच्या दुकानाची मालकीण. ताईच्या सगळ्या शिष्यांमध्ये सर्वांत मठ्ठ आणि सर्वांत चिवट. इतर बायका तीन आठवड्यांत शिकत, हिला तीन महिने लागले. गोदामाच्या भिंतीवर, खांबावर, उभ्या हातगाडीवर, जिथे म्हणून आपटता येईल तिथे ती आपटली. आता ती तीन गावांचा माल स्वतः गाडीवर आणायची.

ती घाईघाईने आली, गॅरेजच्या दारात थांबली आणि इकडेतिकडे बघू लागली. ताई शेजारीच उभी होती.

"ताई, गाडी कुठाय?"

"ही काय, तुझ्या नाकासमोर."

बटणवाली गाडीकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला, भारीतलं कापड पहिल्याच धुण्यात आटल्यावर गिऱ्हाईकाचा उतरतो तसा.

"हिचं काय केलंत हो हे?"

"नवी केली. छान झालीय ना?"

"छान झालीय," बटणवाली म्हणाली, "पण आता हिच्यावर पडायचं कुणी?"

ताईला काही कळेना. मग बटणवालीने सगळं सांगितलं. तिच्या वस्तीतल्या बायका तिच्या मागे लागल्या होत्या, आम्हाला शिकव म्हणून. दुकान उघडायच्या आधी दोन तास मोकळे असतात. ताई जुनी गाडी काढतेय हे कानावर आलं आणि तिने ठरवलं, घ्यायची तर हीच. तिने चौकशीही केली होती. तसली दुसरी गाडी अठराला मिळत होती. मागचा ब्रेक, तार, पाय ठेवायची जाळी बसवायला आणखी तीन-साडेतीन. आणि वर एक गोष्ट, जी बाजारात कुठेच मिळत नव्हती.

"मी तीन महिने का टिकले माहितीय?" ती म्हणाली. "मैत्रिणीच्या नव्या गाडीवर आधी गेले होते एकदा. सगळा जीव पत्र्यात. ओरखडा आला तर काय, म्हणून गाडी जागची हलवलीच नाही. तुमच्या गाडीवर बसले, आणि बघते तर जागोजागी ओरखडे. वाटलं, आपल्या आधी एवढ्या जणी पडल्यात आणि सगळ्या चालवतायत. मग कसली भीती? मी पडले की तुम्ही म्हणायचात, असू दे, ती ओळखते सगळ्यांना. ते ओरखडे बघायला बायका माझ्याकडे आल्या असत्या हो. ब्रेकताईची गाडी म्हटलं की पाटी लावायचीही गरज नव्हती. मी बावीस घेऊन आले होते. कागद झाले असले तर लगेच."

बावीस. ताई तिथल्या स्टुलावर बसली. सहा हजार खर्च करून तिने जे पुसून टाकलं होतं त्यालाच या बाईकडे भाव होता. डीलर ज्याला खोट म्हणत होता, ती हिची गरज होती. गाडी तीच, आणि एकाला ती जेवढी नीट केली तेवढी महाग, दुसरीला तेवढी स्वस्त. आता किती देशील, असं तिने विचारलं तेव्हा बटणवाली दुकानदारच होती. प्रेम प्रेमाच्या जागी. ब्रेक पुन्हा बसवायला हवा, जाळी हवी, आणि या झगझगीत पत्र्यांना घाबरणाऱ्या बायका. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि सतरा म्हणाली.

ताईला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस बावळट दिसतो; तीही तशीच दिसत होती.

तेवढ्यात आतून 'आत्ताच'चा आवाज आला. त्याने सगळं ऐकलं होतं. गॅरेजवाले हातात पाना धरून बहिरे असल्याचं सोंग उत्तम करतात. तो म्हणाला की जुने पत्रे त्याच्याकडेच आहेत. भिंतीवर टांगलेत, कुणी घेत नाही, कारण कोण घेणार असले पत्रे.

तिघंही आत गेली. भिंतीवर ते पत्रे लटकत होते. बटणवाली पुढे झाली आणि एका लांब ओरखड्यावर बोट ठेवून म्हणाली की हा तिचा, हातगाडीचा. त्याच्या खालचा खोलगट पोचा कुणा परिचारिकेचा होता, तोही ताईला आठवत होता. त्या परिचारिकेने नंतर रात्रपाळीला एकटीने गाडीवर जायला सुरुवात केली होती.

मग जो व्यवहार झाला तसा त्या गॅरेजच्या इतिहासात कधी झाला नसेल. नवे रंगवलेले पत्रे 'आत्ताच'ने दीड हजारात परत घेतले. तशाच बनावटीच्या एका अपघातातल्या गाडीला ते लागणार होते. जुने पत्रे पुन्हा चढवायचे त्याने काही घेतले नाहीत. एवढी वर्षं गाडी बघितली, म्हणाला, तिला तिचे कपडे परत घालायचे पैसे कसले. मागचा ब्रेक आणि जाळी पुन्हा बसवायची, ब्रेक या वेळी पुस्तकात रीतसर लिहून घ्यायचा, त्याची परवानगी कार्यालयातून बटणवालीने काढायची, म्हणून बावीसातून एक हजार कमी करायचे ठरले. एकवीस. बॅटरी, लायनर, तार, विमा आणि उतरलेला बोजा, या सगळ्यांचं मोल मात्र बटणवालीने पूर्ण धरलं होतं. कागद तयार नसते तर ती उभीच राहिली नसती. बँकेची ती तीन सह्यांची वणवण वाया गेली नव्हती, वाया गेली होती ती चकाकी, आणि तीही सगळी नाही.

दोघी कार्यालयात एकत्र गेल्या. ताईने सांगून ठेवलं होतं, नाव बदलल्याची पावती हातात पडेपर्यंत मी पैसे घेणार नाही आणि तू गाडी घ्यायची नाहीस. तपासणी ब्रेक बसवायच्या आधीच करून घेतली, मग परवानगीचा अर्ज वेगळा टाकला. खिडकीमागच्या माणसाने ओरखडे बघून विचारलं की ही चालते का. बटणवालीने तिथल्या तिथे गाडी सुरू करून, दोन खांबांमधून वळवून दाखवली. ताई बघत राहिली. तीन महिने भिंतीला भिडणारी बाई दोन खांबांतून अशी काढत होती की दोराही अडकला नसता. ताईला फार बरं वाटलं, इतकं की पैसे मोजायचेच राहून गेले. ते बटणवालीने मोजून दिले.

घरी येऊन तिने पैसे टेबलावर ठेवले. नवऱ्याने चष्मा चढवून हिशेब केला. एकवीस कमी होते, एकवीस आले, वर पत्र्यांचे दीड हजार. त्याने तो दोनदा तपासला, कारण हरणारा माणूस दोनदा तपासतो. मग चष्मा काढला आणि म्हणाला, बागेतला बाक काय पळून जात नाही. दीड हजारात नवं हेल्मेट घे, असंही म्हणाला. अट संपल्यावर त्याचा स्वभाव तसा चांगला होता.

नवी गाडी आली. बुटकी, हलकी, निळी, आणि मागचा ब्रेक या वेळी आधीच पुस्तकात लिहून बसवलेला. मागे बसल्यावर ताईचे दोन्ही पाय ऐसपैस जमिनीला टेकत होते आणि डावा गुडघा चक्क गप्प होता. डीलरने किल्ली देताना बजावलं होतं की गाडी जपा, पत्र्यावर एक मोठा ओरखडा आला की विकताना सरळ हजाराने भाव उतरतो. आता ताईला ते नीटच ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मैदानात नवी तुकडी आली, सगळ्या एका कपड्याच्या कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या. सर्वांत पुढची, जाडजूड वेणीची, गाडीजवळ आली, हँडलला हात लावला आणि विस्तव लागावा तसा काढून घेतला.

"किती छान आहे हो. मी नाही बसणार आधी. माझ्याकडून काही झालं तर?"

मागच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीच पुढे येईना. एकमेकींना पुढे ढकलत होत्या, आणि जी पुढे ढकलली जायची ती मागे सरकायची. नवरा तेवढ्यात ताईचं विसरलेलं पाण्याचं भांडं द्यायला आला होता, तो कडेला थांबून बघत होता.

ताईने एकदा त्या निळ्या पत्र्याकडे बघितलं. तिचाही जीव त्यात अडकला होता. एवढी सुंदर वस्तू तिच्या मालकीची आयुष्यात पहिल्यांदाच झाली होती. मग ती वाकली, जमिनीवरून एक टोकदार खडा उचलला आणि पुढच्या चाकावरून सुरू करून पार मागच्या सीटपर्यंत, सगळ्यांच्या देखत, एक लांब सरळ रेघ ओढली. निळ्याखालचा पांढरा पत्रा कुरकुरत बाहेर आला.

कडेला उभ्या नवऱ्याच्या तोंडून फक्त "हजार" एवढाच शब्द निघाला.

ताईने खडा फेकून दिला, हात पदराला पुसला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"पहिला माझा झाला," ती म्हणाली. "चला, दुसरा कुणाचा?"

वेणीवाली पुढे आली आणि गाडीवर बसली.